यूएसडीसी आणि टेरायूएसडी: एक सावरलं, एक बुडालं

दोन्ही डिजिटल नाणी एका डॉलरला टिकण्याचं वचन देत होती. यूएसडीसीमागे सर्कल कंपनीकडचा खरा पैसा आहे: बँकेतल्या ठेवी आणि अमेरिकी सरकारचे अल्पमुदतीचे रोखे. भाव ९८ सेंटवर आला, की मोठे व्यापारी नाणं विकत घेतात, सर्कलला परत देऊन पूर्ण डॉलर घेतात आणि त्या खरेदीनेच भाव वर चढतो.

टेरायूएसडीतही अशीच अदलाबदल होती, पण डॉलरऐवजी मिळायचं एक डॉलर किमतीचं लुना, म्हणजे त्याच प्रकल्पाने छापलेलं दुसरं नाणं. खरा धोका इथेच होता. लुना ८० डॉलरला असताना एका टेरायूएसडीसाठी लुनाचा ऐंशीवा भाग छापावा लागे; लुना एका सेंटवर आल्यावर शंभर. मे २०२२ मध्ये लोक एकदम बाहेर पडू लागले, तेव्हा जितकं लुना छापलं तितकं ते स्वस्त झालं, आणि जितकं स्वस्त तितकं जास्त छापावं लागलं. काही दिवसांत दोन्ही नाणी जवळपास शून्यावर आली. अँकर या टेरावरच्या ठेव-कर्ज सेवेतल्या सुमारे २० टक्के व्याजासाठी पैसे ठेवलेल्या सामान्य माणसांचं यात फार नुकसान झालं.

यूएसडीसीही घसरलं होतं. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तिथे सर्कलचे ३३० कोटी डॉलर अडकले. शनिवार-रविवार बँका बंद, त्यामुळे परतफेडीची वाट अडली आणि भाव ८८ सेंटच्याही खाली गेला. सरकारने ठेवींची हमी दिल्यावर तो सावरला. राखीव रक्कम कुठल्या बँकेत आहे, हे म्हणूनच आधी पाहावं.