दोर मोजायचा: हाताने की वावेने?

दिंडोरीकडच्या आमच्या विहिरीतली मोटर वर काढायला ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर दोर हवा होता. काका म्हणाले, "दहा वाव घे." हिशेब बरोबर होता: हात १८ इंचांचा, चार हातांची वाव ६ फुटांची. पण पुस्तकातली वाव वेगळी आणि काकांची वेगळी. वाव म्हणजे पसरलेल्या दोन्ही हातांचं अंतर, आणि ते साधारण उंचीएवढं असतं. काका ५ फूट ४ इंच, म्हणून त्यांच्या दहा वावा जेमतेम १६.२६ मीटर भरल्या. दोर दोन मीटर तोकडा पडला!

हाताने, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजलं, तर चाळीस खुणा. दर खुणेला २ सेंटिमीटर सरकलं तरी ८० सेंटिमीटरचा फरक. वावेत खुणा दहाच, चूक २० सेंटिमीटर. फक्त दोर मध्ये झोळायला नको, ताणून धरावा.

म्हणून लांब दोराला मी वावच घेतो. हात कापडाला ठीक. मात्र आधी भिंतीला पाठ लावून, हात पसरून स्वतःची वाव टेपने मोजावी. काकांना ६० फुटांसाठी सव्वाअकरा वावा लागतात.