हळदीचा डाग, चार महिने आणि डब्यातला तो चमचा

भाच्याच्या हळदीत आमच्या घरचे दोन सुती कुर्ते कामी आले. एक ह्यांचा पिस्ता रंगाचा, एक माझा आकाशी. हळद तेलात कालवलेली, त्यात परत आल्यावर मी शहाणपणा करून दोन्ही कुर्ते नेहमीसारखे धुऊन इस्त्री करून ठेवले. तेलाचा डाग इस्त्रीने जास्तच घट्ट बसतो, हे तेव्हा कुठे माहीत होतं!

महिन्याने पिस्ता कुर्ता लाँड्रीत दिला. परत आला तेव्हा हळद गेली होती, पण तिच्यासोबत पिस्ताही गेला होता. छातीवर तळहाताएवढा पांढरा चट्टा. ब्लीच लावलं, एवढंच सांगितलं आणि धुलाईचे पैसेही घेतले. भांडून काही हाती लागलं नाही. क्लोरीनचं ब्लीच डाग आणि रंग असा फरक करत नाही, हा धडा मात्र मिळाला.

म्हणून आकाशी कुर्त्यासाठी ऑक्सिजनवाली पावडर आणली, म्हणजे सोडियम परकार्बोनेट. अर्ध्या किलोचा डबा, चारशे रुपये. पहिलाच राग चमच्यावर. तो डब्याच्या तळाशी पुरलेला, कोपरापर्यंत हात घालून काढायचा. त्यावर रेघा दोन आणि सूचना म्हणते 'एक चमचा'. कुठल्या रेघेपर्यंत? काट्यावर तोलला तर काठोकाठ भरून तीस ग्रॅम. म्हणजे सोळा-सतरा धुण्यांत डबा खलास. हा चमचा ग्राहकाच्या सोयीचा नाही, दुकानाच्या सोयीचा आहे.

पहिला प्रयोग नळाच्या गार पाण्यात केला. पिवळा डाग पाण्यात जाताच विटकरी लाल झाला. मी घाबरून कुर्ता बाहेर काढला, शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून लिंबू पिळलं, डाग परत पिवळा. काकू म्हणाल्या, "बघ, फिका पडला." तसं काही नव्हतं. हळद क्षारात लाल होते, आंबटात पिवळी. हळदीत चुना घालून कुंकू करतात ते याच गुणावर. पावडरही क्षारीय. डाग लाल होणं म्हणजे कपडा बिघडला असं नाही, हळद अजून आत आहे एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा मात्र मी पावडरीला बोगस म्हणून मोकळी झाले होते. ते शब्द मागे घेते.

चूक दोन ठिकाणी होती. हळदीचा रंग पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळतो. त्यामुळे तेल निघेपर्यंत पावडर आतल्या रंगापर्यंत धड पोचत नाही. दुसरं म्हणजे गार पाण्यात ही पावडर फार संथ चालते.

मग रीतसर केलं. कुर्ता कोरडा असतानाच डागावर भांड्यांचं लिक्विड पाणी न घालता चोळलं, अर्धा तास ठेवलं, कोमट पाण्याने धुतलं आणि सावलीत वाळवलं. वाळवल्याशिवाय निकाल लावू नका, ओल्या कापडात तेल दिसतच नाही. वाळल्यावर तो भाग गडद दिसला, म्हणजे तेल होतं. एकूण तीन वेळा करावं लागलं. नंतर शिवणीच्या आतल्या बाजूला पावडरीचं पाणी लावून रंग उतरत नाही ना ते पाहिलं. हाताला जेमतेम सोसेल इतक्या गरम पाण्यात, लिटरला सपाट चहाचा चमचा (त्यांचा चमचा नाही!) या मापाने पावडर आधी पूर्ण विरघळवली आणि अख्खा कुर्ता बुडवला. नुसता डाग बुडवला तर रंग उतरलाच तर चट्टा दिसतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी बघत तासभर ठेवला. आकाशी रंग तसाच राहिला, डाग निम्म्याहून कमी झाला. उरलेला हिरवट दिसत होता, निळ्यावर पिवळं म्हटल्यावर दुसरं काय दिसणार.

पावसाळ्यात डब्यात खडे झाले, जोरही कमी वाटला. आता बरणीत कोरडी ठेवते. पाण्यात कालवलेली मात्र कधी बाटलीत बंद करू नका, वायू साठून झाकण उडतं.

आणि मग ऑक्टोबरचं ऊन आलं. कुर्ता उलटा करून ओला केला, डागाएवढी जागा उघडी सोडून बाकी सगळा जुन्या पंच्याने झाकला आणि गच्चीत दोन तास ठेवला. उन्हाने हळद विटते, पण कुर्त्याचा रंगही विटतो, म्हणून पंचा. असं तीन दिवस केलं. चौथ्या दिवशी धुण्याच्या सोड्याचं पाणी बोटाने लावून पाहिलं. लाल झालं नाही.

म्हणजे चारशेच्या डब्याने अर्धं काम केलं, उरलेलं फुकटच्या उन्हाने. तरी पावसाळ्यासाठी डबा पुन्हा आणीन. रेशमी आणि लोकरी कपड्यांना मात्र ही पावडर लावायची नाही. पिस्ता कुर्त्याचं आता फरशी पुसायचं फडकं झालंय. तो चमचा कुंडीत माती घालायला घेतलाय, तिथे तीस ग्रॅम बरोबर आहेत.