वीस टक्के ‘मिळवून देणारं’ कर्ज

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका मराठी कुटुंबाचा फरसाणाचा छोटा कारखाना आहे. दिवाळीच्या आधी तळणाची नवी मशीन बसवायची होती, खर्च १० लाख. नेहमीच्या बँकेने ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी कर्ज द्यायची तयारी दाखवली होती, पण कागदपत्रांना तीन आठवडे लागणार होते. तेवढ्यात एका फायनान्स कंपनीचा एजंट तीन दिवसांत पैसे देतो म्हणून दुकानात आला. त्याच्याकडे संगणकावर केलेला एक तक्ता होता. त्यात आयआरआर, म्हणजे ज्या वार्षिक दराला आलेले आणि गेलेले पैसे जुळतात तो अंतर्गत परतावा दर, १९.९३ टक्के, किमान अपेक्षित दर ११ टक्के आणि खाली हिरव्या चौकोनात ‘स्वीकारण्यास योग्य’ असं लिहिलेलं. “काका, बँकेचा दर अकरा, आपला आयआरआर जवळजवळ वीस. वरचे नऊ टक्के तुमचेच ना!”

घरातला मुलगा कॉमर्सचा. आयआरआर अपेक्षित दरापेक्षा जास्त असेल तर प्रस्ताव घ्यावा, हा नियम त्याने परीक्षेत लिहिलेला. त्यानेही मान डोलावली आणि सह्या झाल्या.

गंमत अशी की तक्त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. फसवणूक होती ती नियम उलटा लावण्यात. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहायला हवं; बेरीज-वजाबाकी तपासून असली लबाडी सापडत नाही.

आधी पैशांची ये-जा पाहू. कर्ज १० लाखांचं. त्यातून प्रक्रिया शुल्क २ टक्के म्हणजे २०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३,६०० कापले गेले. दुकान कंपोझिशन स्कीममध्ये असल्यामुळे या जीएसटीची वजावट मिळत नाही, तो खर्चच. शिवाय दोन हप्त्यांइतकी, ५०,००० रुपयांची बिनव्याजी अनामत कंपनीने पहिल्याच दिवशी राखून ठेवली, ती शेवटच्या महिन्यात परत मिळणार. म्हणजे हातात आले ९,२६,४००. हप्ता २५,००० रुपयांचा, ६० महिने.

हप्त्यांची बेरीज होते १५ लाख. १० लाखांवर पाच वर्षांत ५ लाख, म्हणून करारात दर लिहिला ‘१० टक्के फ्लॅट’. बँकेच्या ११ पेक्षा कमी! फ्लॅट दरात पूर्ण १० लाख पाचही वर्षं तुमच्याकडेच आहेत असं धरून व्याज लावतात, प्रत्यक्षात मुद्दल दर महिन्याला फिटत असतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर १७.३ टक्के होतो. प्रक्रिया शुल्क धरलं की १८.४ आणि अनामत अडकली हेही धरलं की १९.९ टक्के. या १९.९ लाच एजंट ‘आयआरआर’ म्हणत होता. एकाच कर्जाचा दर करारात दहा म्हणून स्वस्त दिसत होता आणि तक्त्यात वीस म्हणून फायदेशीर!

आता नियम का उलटतो ते पाहू. समजा आज १०० रुपये दिले आणि वर्षाने १२० मिळाले. आयआरआर २० टक्के, आणि ही तुमची कमाई. आता आज १०० घेतले आणि वर्षाने १२० फेडले. आयआरआर पुन्हा २० टक्केच, पण हा तुमच्या डोक्यावरचा खर्च. सगळ्या आकड्यांची अधिक-उणे चिन्हं उलटी केली तरी आयआरआर तसूभरही हलत नाही, कारण तो फक्त एवढंच शोधतो की कोणत्या दराला दोन्ही बाजू जुळतात. कुणी दिले आणि कुणी घेतले हे त्याला कळत नाही. एजंटने सावकाराच्या बाजूचा तक्ता कर्जदारासमोर ठेवला. १९.९३ टक्के ही खरोखर कमाई होती, फायनान्स कंपनीची.

म्हणून पैसा आधी येतो आणि नंतर जातो अशा व्यवहारात तुलना उलटी करायची. आयआरआर पर्यायी कर्जाच्या दरापेक्षा कमी असेल तरच घ्यायचं. इथे पर्याय ११ टक्क्यांचा होता. बँकेचं अर्धा टक्का शुल्क धरलं तरी तो साडेअकराच्या आतच राहत होता. १९.९ म्हणजे सरळ नकार.

ही तपासणी घरच्या संगणकावर एक्सेलमध्ये दहा मिनिटांत होते. A1 मध्ये हातात आलेली रक्कम अधिक चिन्हाने टाका. A2 पासून A60 पर्यंत ५९ हप्ते उणे चिन्हाने. A61 मध्ये शेवटचा हप्ता आणि परत आलेली अनामत यांची बेरीज, म्हणजे उणे २५,००० अधिक ५०,०००, एकूण २५,०००. मग ही दोन सूत्रं:

```
=IRR(A1:A61,0.01)*12
=A1+NPV(0.11/12,A2:A61)
```

पहिल्याचं उत्तर १९.९३ टक्के. दुसरं, म्हणजे एनपीव्ही किंवा येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या रकमांची आजच्या किमतीतली निव्वळ बेरीज, येतं उणे १,९४,५०० च्या आसपास. याचा अर्थ, बँकेचा पर्याय सोडून हे कर्ज घेतल्यामुळे आजच्या किमतीत जवळजवळ दोन लाखांचा तोटा. एनपीव्हीला चिन्हांची जाण असते, म्हणून तो या सापळ्यात अडकत नाही. A1 मात्र NPV च्या कंसात घालू नका. ते सूत्र कंसातली पहिली रक्कम महिन्याभराने येणार असं धरतं आणि उत्तर चुकतं.

मुलाला सह्यांच्या आधी शंका आली नव्हती असं नाही. एनपीव्ही किती, हे त्याने विचारलं होतं. एजंटकडे दुसरं पान तयारच होतं, ‘एनपीव्ही अधिक ७२,६००’. हा आकडाही बरोबर होता, फक्त दर २४ टक्के लावलेला. “तुमच्या धंद्यात पैसा चोवीस टक्के कमावतो ना काका, मग त्याच दराने मोजायचं.” पहिल्या पानावर अपेक्षित दर ११ आणि दुसऱ्यावर २४, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ती दोन पानं शेजारी शेजारी ठेवली असती तर तिथेच गोष्ट संपली असती. २४ हाच अपेक्षित दर धरला तर पहिल्या पानावरचा आयआरआर त्याच्या खाली पडतो आणि त्याच्याच नियमाने हिरव्या चौकोनाचा लाल होतो.

चोवीसने मोजणं चूक का? हप्ता ठरलेला आहे. फरसाण विको न विको, महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून रक्कम जाणारच. धंद्याची कमाई मात्र तेलाच्या भावावर, सणावर, गिऱ्हाइकावर अवलंबून. जोखमीच्या कमाईचा दर बिनचूक जाणाऱ्या हप्त्यांना लावला की भविष्यातलं देणं कागदावर आकसतं. तळणाची मशीन घ्यावी की नाही, हा निर्णय चोवीसच्या कसोटीवर घ्या. तिच्यासाठी कुणाकडून पैसे उचलायचे हा वेगळा प्रश्न, आणि तिथे तेवढ्याच मुदतीच्या, तुम्हाला खरोखर मिळू शकणाऱ्या दुसऱ्या कर्जाचा दर लावायचा.

यातून ओळखण्याची एक सोपी खूण मिळते. दुसऱ्या सूत्रातला दर वाढवत जा. गुंतवणूक असेल तर एनपीव्ही घसरत जातो. इथे ११ ला उणे १,९४,५००, २४ ला अधिक ७२,६००, ३६ ला अधिक २,४३,०००. दर वाढवला की प्रस्ताव गोड होत जातो, म्हणजे तुम्ही घेणारे आहात आणि समोरचा जितका चढा दर लावेल तितकं कर्ज तुम्हाला छान दिसेल.

बँकेने कर्ज नाकारलं असतं तर हिशेब बदलला असता, हेही खरं. तेव्हा ११ हा पर्यायच उरत नाही. तुलना दुसऱ्या फायनान्स कंपनीशी किंवा मशीन न घेण्याशी करावी लागते. इथे बँक तयार होती, फक्त तीन आठवडे मागत होती. तेव्हा प्रश्न एवढाच होता की तीन आठवडे आधी मशीन चालू झाल्याने १,९४,५०० रुपयांचा निव्वळ नफा सुटणार होता का? तेवढ्या आकाराच्या कारखान्यात तो सुटत नाही.

सह्या करण्याआधी एक कागद हक्काने मागता येतो. रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ आणि सूक्ष्म, लघू, मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांना ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे. त्यात वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे एपीआर, शुल्कांसकट लिहावा लागतो आणि सोबत परतफेडीचं वेळापत्रक असतं. या कुटुंबाला तो कागद मिळाला होता, सह्यांच्या गठ्ठ्यात. त्यात एपीआर १८.४ होता. अनामत त्यात धरलेली नव्हती, त्यामुळे ती स्वतः घालून पुन्हा मोजावी लागते. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जात हा कागद किमान तीन कामकाजाचे दिवस वैध ठेवावा लागतो. ‘आजच सही करा, उद्या दर बदलेल’ असं म्हणणाऱ्याला हे ऐकवायचं.

बारा हप्ते भरल्यावर एका ओळखीच्या सीएने हे सगळं मांडून दाखवलं, तेव्हा पुढचा प्रश्न आला की आता बंद करावं का. वेळापत्रकाप्रमाणे शिल्लक मुद्दल ८,६२,१०० होतं. मुदतीआधी फेडल्याचं शुल्क ४ टक्के आणि त्यावर जीएसटी मिळून ४०,७००. अनामतीचे ५०,००० वळते करून भरायचे ८,५२,८००. हा व्यवहार मात्र सरळ जातीचा आहे. आज पैसे जातात आणि पुढचे ४८ हप्ते वाचतात, म्हणून नेहमीचा नियम इथे चालतो. उरलेले हप्ते ११ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणून, शेवटी मिळणारी अनामत वजा केली तर देणं ९,३५,००० निघतं. म्हणजे बंद करण्यात ८२,००० चा फायदा, बँकेचं शुल्क धरूनही पाऊण लाखाच्या वर. त्यांनी बँकेकडून चार वर्षांसाठी तेवढीच रक्कम घेतली, हप्ता २२,०४० च्या आसपास बसला.

एजंटच्या दोन पानांसह कंपनीकडे लेखी तक्रारही दिली आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. ती पानं त्यांनी जपून ठेवली होती म्हणून हे शक्य झालं. तोंडी ‘वीस टक्के मिळतील’ म्हटल्याचा पुरावा कुठून आणणार?