घटनाक्रमाचा कणा: लॉग की चॅट?

सेवेत बिघाड झाल्यावर त्याचा घटनाक्रम लॉगवरून उभारला तर यंत्रणेत काय घडलं ते कळतं; टीमच्या चॅटवरून उभारला तर माणसांना काय, केव्हा कळलं ते. समजा, पहिली एरर १४:०३ ला, अलर्ट १४:०८ ला, चॅटमधला पहिला संदेश १४:११ ला. फक्त पहिली एरर आणि पहिला संदेश पाहिला तर आठ मिनिटं कुणी लक्षच दिलं नाही असं वाटतं. पण अलर्टचा नियमच सलग पाच मिनिटं एरर मागत होता. माणसं तीन मिनिटांत हजर होती. दुरुस्ती नियमात हवी.

चॅटची अडचण वेगळी. ‘रोलबॅक केलं’ हा संदेश बहुधा कृती झाल्यावर येतो, कधी आधीच. म्हणून कृतीची वेळ मी डिप्लॉय लॉगमधून घेते, निर्णयामागचं कारण चॅटमधून. त्याआधी सगळ्या वेळा यूटीसीत आणते.