नोंदणीच्या सुरुवातीच्या वेगावरून अंतिम आकड्याचा अंदाज: काही महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यात आमचा एक छोटा व्यावसायिक गट एकदिवसीय परिषदा आणि कार्यशाळा भरवतो. सभागृह आणि जेवण यांची जबाबदारी माझ्याकडे असते. बरेच लोक नोंदणी शेवटच्या तीन आठवड्यांत करतात, पण सभागृहाचे पैसे तीन आठवडे आधी भरावे लागतात आणि केटररला ताटांचा हमीचा आकडा चार दिवस आधी द्यावा लागतो. त्यामुळे गेले काही महिने प्रत्येक कार्यक्रमासाठी मी मागच्या कार्यक्रमांच्या नोंदणीचा वेग मोजून या वेळचा अंतिम आकडा आधीच काढू लागलो आहे. हॉटेलांचे आरक्षण सांभाळणारे लोक ही पद्धत फार पूर्वीपासून वापरतात. त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही, साधी स्प्रेडशीट पुरते.

मागच्या प्रत्येक कार्यक्रमासाठी नोंदणी बंद होण्याच्या किती दिवस आधी एकूण नोंदणीपैकी किती टक्के झाली होती, ते काढायचे. महिन्याच्या तारखा जुळवून उपयोग नाही, 'बंद होण्यास उरलेले दिवस' जुळवायचे. ब स्तंभात नोंदणीची तारीख आणि ई स्तंभात मोजणीचा दिवस असेल, तर त्या दिवसापर्यंतची बेरीज अशी मिळते:

```
=COUNTIFS(B:B,"<="&E2)
```

आमच्या एका परिषदेचे आकडे देतो. बंद होण्यास २१ दिवस उरले असताना ९३ जणांनी पैसे भरले होते. आधीच्या चार परिषदांत त्याच टप्प्यावर अंतिम नोंदणीच्या अनुक्रमे २८, ३१, ३४ आणि ४० टक्के नोंदणी झालेली होती. ९३ ला या चारही प्रमाणांनी भागले की ३३२, ३००, २७४ आणि २३३ असे अंदाज मिळतात. यांची सरासरी काढून एकच आकडा समितीपुढे ठेवण्याचा मोह होतो, पण तो टाळावा असे माझे ठाम मत झाले आहे. आमच्यापुढे प्रश्न २४० आसनांचे सभागृह घ्यायचे की ३५० आसनांचे, एवढाच होता. चारपैकी तीन अंदाज २४० च्या बरेच वर होते आणि सर्वांत मोठा अंदाजही ३५० च्या आत होता, म्हणून मोठे सभागृह पक्के केले. नेमका आकडा कळला नसला तरी त्या दिवशी घ्यायचा निर्णय घेता आला.

जेवणाचा निर्णय आम्ही त्या दिवशी मुद्दाम घेतला नाही. चार दिवस उरले तेव्हा नोंदणी २३६ वर होती आणि जुनी प्रमाणे ८० ते ८८ टक्के होती, म्हणजे अंदाज २६८ ते २९५ एवढ्या अरुंद पट्ट्यात आला. आमच्या सशुल्क परिषदांना नोंदणी केलेल्यांपैकी साधारण ९२ टक्के लोक येतात, म्हणून जेवणारे २४७ ते २७१ धरले. त्यात वक्ते, स्वयंसेवक, ध्वनिव्यवस्थेची माणसे आणि पाहुण्यांचे चालक अशी २५ ताटे मिळवली, कारण ही मंडळी नोंदणीच्या यादीत कधीच नसतात. केटररला २८५ ताटांची हमी दिली आणि ऐन वेळी आणखी १५ ताटे वाढवता येतील असे बोलून घेतले. अंतिम नोंदणी २८९ झाली, २६४ जण आले आणि २८९ ताटे लागली. हमीचा आकडा पट्ट्याच्या मध्याच्या किंचित वर ठेवण्यामागे विचार होता: उरलेल्या ताटाचे पैसे जातात, पण दुपारी दीड वाजता रांगेत उभ्या असलेल्या माणसापुढे रिकामे भांडे येणे मला त्याहून फार वाईट वाटते.

आता ज्या गोष्टींनी अंदाज बिघडतो त्यांविषयी. सर्वांत फसवी अडचण जुन्या आकड्यांतच दडलेली असते. जुन्या कार्यक्रमाची जी यादी आपल्याकडे उरते, तीत रद्द झालेल्या नोंदण्या बहुधा काढून टाकलेल्या असतात. त्या यादीवरून काढलेला २१ व्या दिवसाचा आकडा हा 'शेवटपर्यंत टिकलेल्यांचा' आकडा असतो, तर या वेळचा २१ व्या दिवसाचा आकडा पुढे रद्द करणाऱ्यांना धरून असतो. दोन्हींची तुलना केली की या वेळी प्रतिसाद दर वेळेपेक्षा चांगला आहे, असे उगाच वाटत राहते. यावर उपाय एकच: रोज रात्री ठरावीक वेळी त्या क्षणाचा, पैसे भरलेल्यांचा आकडा वेगळ्या पानावर लिहून ठेवायचा आणि तो नंतर बदलायचा नाही. हे पान आज माझ्याकडची सर्वांत उपयोगी नोंद आहे.

दुसरी अडचण सवलतीच्या मुदतीची. सवलतीच्या शेवटच्या दोन दिवसांत नोंदणी एकदम उसळते आणि नंतर आठवडाभर जवळजवळ थांबते. मागे ही मुदत २१ दिवस आधी संपत असेल आणि या वेळी २८ दिवस आधी ठेवली असेल, तर २१ व्या दिवसाची तुलना निरर्थक ठरते. अशा वेळी मी सवलत संपल्यानंतर मागे किती जणांची भर पडली होती ते पाहतो आणि ती भर आजच्या आकड्यात मिळवतो. अगदी सुरुवातीच्या दिवसांतही भागाकारापेक्षा ही बेरीजच बरी पडते. नोंदणी नऊवर असताना जुनी प्रमाणे दोन ते सहा टक्के असतील, तर भागाकार दीडशेपासून साडेचारशेपर्यंत काहीही सांगतो. मात्र कार्यक्रमाचा आकार दर वेळी साधारण सारखा असेल, तरच बेरजेवर विसंबता येते.

तिसरी, गटाने होणारी नोंदणी. एका कार्यशाळेसाठी एका महाविद्यालयाने ४० विद्यार्थ्यांची नावे एकाच दुपारी भरली. तेव्हाचे प्रमाण ३१ टक्के होते, म्हणून स्प्रेडशीटने अंतिम अंदाज एका दिवसात सव्वाशेहून अधिक वाढवला. वास्तविक त्या ४० जणांमागून आणखी ९० जण येण्याचे काहीच कारण नव्हते. तेव्हापासून दहापेक्षा मोठा गट मी जुन्या आणि नव्या दोन्ही आकड्यांतून बाजूला काढतो, उरलेल्यांवर अंदाज बांधतो आणि गट शेवटी जसाच्या तसा मिळवतो.

जागा संपल्यामुळे ज्या कार्यक्रमाची नोंदणी लवकर बंद करावी लागली, त्याचा आलेख मी तुलनेत घेत नाही, कारण तिथला अंतिम आकडा सभागृहाने ठरवलेला होता. गणेशोत्सवाचे दहा दिवस मध्ये आले, तर पुण्यात नोंदणी जवळजवळ सपाट होते. विसर्जनानंतर ती पुन्हा चढते, म्हणून त्या दिवसांतील आकडा पाहून घाबरून लहान सभागृह घेऊ नये आणि उरलेले दिवस मोजताना ते दहा दिवस गाळावेत.

विनामूल्य कार्यक्रमांसाठी मी ही पद्धत फक्त नोंदणीच्या अंदाजापुरती वापरतो. तिथे नोंदणी आणि उपस्थिती यांतील अंतर कार्यक्रमागणिक इतके बदलते की जेवणाचा आकडा त्यावरून देता येत नाही. तिथे आम्ही तीन दिवस आधी प्रत्येकाला 'जेवणार का' असे संदेशाने विचारतो आणि होकारच मोजतो. पहिल्यांदाच होणाऱ्या कार्यक्रमाला मागचा आलेखच नसतो. त्यासाठी हमीचा आकडा बदलण्याची मुदत दोन दिवसांवर आणायला तयार असलेला केटरर शोधणे आणि मधली भिंत सरकवून लहानमोठे करता येणारे सभागृह घेणे, एवढेच मी सुचवीन.