चढते पाच, उतरते पाच: यादी रुपयांनी लावावी की टक्क्यांनी?

किराणा दुकानाच्या बिलिंगमधून दर सोमवारी विक्री वाढलेल्या पाच आणि घटलेल्या पाच वस्तूंची यादी काढायची, प्रत्येकीपुढे एका ओळीचा शेरा आपोआप उमटवायचा. काम अर्ध्या तासाचं आहे. पण यादी कशाच्या आधारावर लावायची आणि शेरा कोणी लिहायचा, हे ठरवताना बहुतेक जण घाई करतात. समजा, आषाढी एकादशीच्या आठवड्यात दुकानाचे आकडे असे आले:

| वस्तू | मागचा आठवडा (रु.) | हा आठवडा (रु.) | फरक (रु.) | टक्के |
|---|---|---|---|---|
| राजगिरा लाडू | 80 | 360 | +280 | +350 |
| साबुदाणा | 2,400 | 7,800 | +5,400 | +225 |
| सूर्यफूल तेल | 30,000 | 33,000 | +3,000 | +10 |
| तूरडाळ | 8,400 | 5,320 | −3,080 | −37 |

टक्क्यांनी लावलं तर लाडू पहिला येतो. 40 रुपयांची दोन पाकिटं खपायची तिथे नऊ खपली, एवढीच ती बातमी! शिवाय मागच्या आठवड्यात विक्री शून्य असेल तर टक्का निघतच नाही, शीटमध्ये `#DIV/0!` दिसतं. रुपयांच्या फरकाने लावलं तर साबुदाणा वर येतो आणि लाडू यादीतून जातो, ते योग्यच. पण रुपयांच्या यादीचीही एक खोड आहे. तेल, साखर असा मोठ्या उलाढालीचा माल नेहमीच्या चढउतारानेसुद्धा दर आठवड्याला तिथे ठाण मांडतो. एकच निवडायचं असेल तर मी रुपये निवडेन. टक्के हवेच असतील तर आठवड्याला निदान हजार रुपये खपणाऱ्या मालापुरतेच ठेवा.

याहून जास्त फसगत होते ती तुलना कशाशी करायची यात. एकादशी दुप्पट खाशी, पण द्वादशीनंतर साबुदाण्याला कोण विचारतो? पुढच्या आठवड्यात तो 2,200 वर आला की मागच्या आठवड्याशी तुलना करणारी यादी त्याला 5,600 रुपयांच्या घटीसह उतरत्या पाचांत टाकते. चार आठवड्यांची सरासरीही फारशी वाचवत नाही. 2,300, 2,500, 2,400 आणि 7,800 यांची सरासरी 3,750 येते, म्हणजे तरीही 1,550 ची घट. याच चार आकड्यांचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधल्या दोघांची सरासरी, मात्र 2,450 आहे. त्याच्याशी घट फक्त 250 ची, आणि साबुदाणा यादीत येण्याचं कारणच उरत नाही. म्हणून `MEDIAN` वापरा.

गेल्या वर्षीच्या त्याच तारखांशी ताडून पाहायचा मोह टाळा. आषाढी 2023 मध्ये 29 जूनला होती, 2024 मध्ये 17 जुलैला आणि 2025 मध्ये 6 जुलैला. ताडायचंच तर तिथीने ताडा.

आता शेरा. एक पर्याय ठरीव वाक्यांचा, दुसरा आकडे देऊन एआयकडून लिहून घेण्याचा. दुसरा वाचायला छान लागतो. पण तूरडाळीपुढे तो बेधडक लिहितो की पावसामुळे मागणी घटली. आकड्यांत पाऊस कुठेच नव्हता. खरी गोष्ट अशी की डाळ गुरुवारी रात्री संपली आणि होलसेलचा माल पुढच्या सोमवारी आला. भाव दोन्ही आठवडे 140 रुपये किलो. आधी सात दिवसांत 60 किलो, म्हणजे रोज साधारण साडेआठ. या वेळी चार दिवसांत 38 किलो, म्हणजे रोज साडेनऊ. मागणी वाढली होती, फळी रिकामी होती. ‘डाळ उतरली’ असं वाचून पुढची ऑर्डर कमी केली तर नुकसान दुप्पट. एआयला हे कळत नाही असं नाही. माल किती दिवस होता हे त्याला कोणी दिलेलंच नसतं, आणि गप्प बसण्याऐवजी तो कारण जुळवतो.

म्हणून शीटमध्ये तो एक रकाना वाढवा. A मध्ये वस्तू, B मध्ये चार आठवड्यांचा मध्यक, C मध्ये हा आठवडा, D मध्ये फरक, E मध्ये माल उपलब्ध असलेले दिवस. गूगल शीट्समध्ये चढते पाच असे निघतात; उतरत्यांसाठी `FALSE` च्या जागी `TRUE`:

```
=SORTN(A2:F200,5,0,4,FALSE)
```

आणि F मध्ये शेरा:

```
=IF(E2<7,"माल "&E2&" दिवसच होता",IF(D2>0,"वाढ ","घट ")&ABS(D2)&" रु.")
```

वाक्य रुक्ष आहे, पण ते न पाहिलेलं काही सांगत नाही. दुकानं पाच-सहा असतील आणि मालकाला सलग परिच्छेद हवा असेल, तर हेच तयार शेरे एआयला द्या आणि फक्त जोडून लिहायला सांगा, कारणं नाहीत. E रकाना भरायला मात्र माणूसच लागतो. बिलिंगमधला स्टॉक शून्य दाखवेपर्यंत थांबलात, तर उंदराने फोडलेली पिशवी अजून शिल्लकच दिसत असते.