पर्मकॅथ काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव: बाहेरून स्वच्छ, आतून इन्फेक्शन

किडनी फेल झाली तेव्हा डायलिसिससाठी हातात धमनी-शीर जोडून करतात तो फिस्टुला तयार नव्हता, म्हणून मानेच्या उजव्या शिरेतून पर्मकॅथ ही डायलिसिसची नळी घातली. दोन तोंडांची नळी छातीच्या कातडीखालून थोडी लांब फिरवून मग शिरेत जाते आणि टोक थेट हृदयापाशी. कातडीखालच्या भागात तिला कापडासारखा एक कफ असतो, तीन-चार आठवड्यांत मांस त्याला चिकटतं आणि बाहेरचे जंतू आत जायला अडथळा होतो. पण हा अडथळा फक्त बाहेरच्या वाटेला हं, नळीच्या आतली वाट उघडीच राहते आणि मला त्रास तिथूनच झाला.

चांगलं आधी सांगतो. घातली की लगेच वापरता येते, सुई टोचायची भानगड नाही, जीव वाचवायला अशा वेळी हीच कामी येते. बाकी आंघोळीचे हाल, शॉवर बंद, ड्रेसिंग ओलं होऊ द्यायचं नाही.

आता मुख्य गोष्ट. एकदा डायलिसिसचं मशीन सुरू होऊन अर्धा तासही झाला नसेल तर अशी थंडी भरली की दात वाजायला लागले, दोन ब्लँकेट टाकले तरी पलंग हलतोय. घरी ताप नव्हता, नळी बाहेर येते ते भोक अगदी स्वच्छ, ना लाली ना पू. शेजारचे काका म्हणाले एसी जास्त आहे. सिस्टर जुनी होती, तिने लगेच ओळखलं. नळीच्या आतल्या बाजूला जंतूंचा चिकट थर बसतो, मशीन सुरू झालं की तिथले जंतू रक्तात ढकलले जातात, म्हणून थंडी नेमकी डायलिसिसवर येते आणि नंतर माणूस बराही वाटतो. त्यामुळेच लोक क्रोसिन घेऊन घरी जातात. वयस्कर किंवा शुगरवाल्या पेशंटला तर कधी कधी ताप येतच नाही, नुसतं बीपी पडतं किंवा बरळायला लागतात. भोकाभोवती लाली, पू, किंवा नळीच्या रस्त्यावर कातडी दुखणं-सुजणं हे वेगळं, ते दिसलं तरी त्याच दिवशी दाखवायचं.

डॉक्टरांनी अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात कुठले जंतू वाढतात ती तपासणी, घ्यायला लावलं, हा क्रम महत्त्वाचा. एक डोस जरी गेला तरी बऱ्याचदा बाटलीत जंतू वाढत नाहीत आणि मग अंदाजानेच औषध चालतं. बाटल्यांची एक जोडी नळीतून, एक हाताच्या शिरेतून, दर बाटलीत साधारण ८ ते १० एमएल. हातातलं रक्त तळहाताच्या मागून घेतलं, कारण कोपराकडच्या शिरा फिस्टुलासाठी जपायच्या असतात. दोन्हीकडून एकच जंतू आला आणि नळीची बाटली २ तास किंवा जास्त आधी पॉझिटिव्ह झाली तर दोषी नळीच, असं धरतात. माझं तसंच निघालं, स्टॅफ ऑरियस. तोवर व्हँकोमायसिन आणि सोबत दुसरं एक इंजेक्शन सुरू होतंच, रिपोर्ट आल्यावर सेफाझोलिनवर आणलं, दर डायलिसिसच्या शेवटी.

मला वाटलं औषधाने नळी वाचेल. पण हा जंतू असला, किंवा नळीच्या कातडीखालच्या बोगद्यातच इन्फेक्शन असलं, किंवा दोन-तीन दिवसांत ताप उतरला नाही, तर नळी काढायचीच, कारण त्या थरात औषध नीट पोचत नाही. माझी काढली, मधे मांडीतून तात्पुरती नळी, मग कल्चर निगेटिव्ह आल्यावर नवीन. शिवाय हृदयाच्या व्हॉल्व्हला जंतू बसलेत का बघायला इको केला. पाठ दुखते का हे पण रोज विचारायचे, हा जंतू मणक्यातही जातो म्हणून. अँटिबायोटिक चार आठवड्यांच्या वर चाललं.

त्याच ॲडमिशनमध्ये वॉर्डातला एक ज्युनिअर डॉक्टर सलाईन याच नळीतून लावायला निघाला, शीर मिळेना म्हणून. मी हात धरला. ही नळी फक्त डायलिसिसवाल्यांनी उघडायची, तोंडाला मास्क सिस्टर आणि पेशंट दोघांच्याही, आणि टोपण काढल्यावर नळीचं तोंड घासून पुसायचं. आमच्या सेंटरला गर्दीच्या शिफ्टला हे पुसणं दोन सेकंदात उरकतात, म्हणून मी आता डोळे लावून बघत बसतो, आवडत नाही त्यांना, नको आवडू दे.

एवढं होईपर्यंत डाव्या हाताचा फिस्टुला पिकत होता. त्यात शरीराची स्वतःची धमनी आणि शीर जोडलेली, बाहेर लोंबणारं काही नाही, जंतूंना चिकटायला प्लास्टिक नाही. वर नळी जास्त दिवस राहिली की छातीतली मोठी शीर अरुंद होऊ शकते, मग त्या बाजूचा फिस्टुलाही नीट चालत नाही, हात सुजतो. फिस्टुला तयार व्हायला निदान सहा-आठ आठवडे लागतात आणि काहींचा पहिल्यांदा जमतही नाही, त्यामुळे डॉक्टर डायलिसिस जवळ आलंय म्हणाले की तेव्हाच सर्जनला गाठायचं. हृदय फारच अशक्त असेल किंवा शिरा अगदी बारीक असतील तर बऱ्याचदा पर्मकॅथच राहते, अशांना माझा काकांचा एसीवाला किस्सा लक्षात राहिला तरी पुष्कळ.